समोरासमोर दुकान

धुळ्यात पत्ता सांगणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. जुन्या शहरातल्या गल्ल्यांना आकडे आहेत. “गल्ली नंबर 4” म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि चालू लागतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पेठांमध्ये रस्ता आधी वळतो आणि मग कुठे जायचं ते ठरवतो. धुळ्यात तसं नाही. याचं श्रेय कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याला जातं. 1818 साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा ब्रिग्जसाहेबाने जिल्ह्याचा कारभार चालवायला धुळं निवडलं आणि जुन्या गावाला लागून नवं गाव वसवायला घेतलं. लांबून कारागीर आणले, घर बांधणाऱ्यांना जागा बिनभाड्याने दिल्या, वर उचलही दिली. रस्ते सरळ आखले. काही धुळेकर हे श्रेय विश्वेश्वरय्यांना देऊन टाकतात, पण ते नोकरीसाठी खान्देशात आले 1884 साली. तोवर गल्ल्या सरळ होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

ब्रिग्जने रस्ते सरळ केले, पण त्या रस्त्यांवर दुकानं कुठे थाटावीत हे त्याच्या हातात नव्हतं. आणि दुकानदाराचा एक स्वभाव जगभर सारखा आहे. त्याला अख्खा रस्ता मोकळा दिला, तरी तो जाऊन बसतो ते दुसऱ्या दुकानदाराच्या शेजारी. औषधाच्या दुकानाशेजारी औषधाचं दुकान, सराफासमोर सराफ, झेरॉक्सच्या मशीनला चिकटून झेरॉक्सचं मशीन. गिऱ्हाइकाला प्रश्न पडतो, की एवढा रस्ता पडलाय आणि या दोघांना इथेच जागा सापडली? अहिराणीत हा प्रश्न थोडा जास्त आपुलकीने विचारला जातो: “आठेच काबरं बसना रे भो?”

या प्रश्नाचं उत्तर 1929 साली हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने दिलं. त्याचा लेख लंडनच्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये छापून आला. आडनाव हॉटेलिंग असलं तरी त्याने हॉटेल कधी चालवलं नाही. त्याने फक्त एक सरळ रेघ घेतली आणि तिच्यावर दोन दुकानं ठेवली. रेघ म्हणजे गावातला मुख्य रस्ता समजा, किंवा खंडभर पसरलेला रेल्वेमार्ग समजा, असं त्याने सुचवलं होतं. धुळ्याची गल्ली समजायलाही त्याची हरकत नसती.

तेव्हा गल्ली घेऊ. हजार मीटर लांब, दोरीत आखलेली. दोन्ही बाजूंना सारख्या अंतराने घरं, आणि त्या घरांतून रोज चारशे माणसं चहा प्यायला बाहेर पडतात. (बायका घरी चहा करत नाहीत असं नाही. पण घरच्या चहाबरोबर घरच्या गप्पाही येतात.) या गल्लीत दोघांना टपरी टाकायची आहे. एक आबा, दुसरे आप्पा. दोघांचा चहा सारखा, आलं सारखं, पेला सारखा, भाव दहा रुपये. माणूस जवळच्या टपरीवर जातो, एवढाच नियम.

पहिल्या दिवशी आबा आणि आप्पा शहाण्यासारखे वागतात. आबा टपरी लावतात 250 मीटरच्या खुणेवर, आप्पा 750 वर. गल्लीची बरोबर निम्मी निम्मी वाटणी. कुणालाही अडीचशे मीटरपेक्षा जास्त चालावं लागत नाही, आणि सरासरी काढली तर माणशी सव्वाशे मीटर पडतात. नगररचनाकाराला फोटो काढून भिंतीवर लावावासा वाटेल अशी ही मांडणी.

ती टिकते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

कारण आबांच्या लक्षात येतं, की आपल्या मागची 250 मीटरची गिऱ्हाइकं कुठे पळून जात नाहीत. त्यांना दुसरी टपरी जवळ नाहीच. मग टपरी शंभर मीटर पुढे सरकवली तर? आबा 350 वर येतात. आता दोघांच्या मधली हद्द 350 आणि 750 च्या मध्यावर, म्हणजे 550 वर पडते. आबांकडे गल्लीचे साडेपाचशे मीटर, आप्पांकडे साडेचारशे. मागच्या टोकाचे जुने गिऱ्हाईक कुरकुरतात, चपला घासत शंभर मीटर जास्त चालतात, पण येतात आबांकडेच.

आप्पा काही भजनाला बसलेले नाहीत. ते संध्याकाळी टपरीला चाकं लावतात आणि थेट आबांच्या पुढ्यात, 360 च्या खुणेवर येऊन उभे राहतात. हद्द आता 355 वर. आप्पांच्या वाट्याला 645 मीटर आणि आबांच्या वाट्याला उरलेले 355. आबा तिसऱ्या दिवशी आप्पांना ओलांडून 370 वर. आप्पा 380 वर. दोघंही दहा-दहा मीटरने एकमेकांना ओलांडत राहतात, आणि हा तमाशा थांबतो तो बरोबर 500 वर. तिथे दोघांच्या टपऱ्या खेटून उभ्या. तिथून जो हलेल तो हरेल. आप्पा रुसून 490 वर गेले तर त्यांच्याकडे 495 मीटर राहतात, आबांकडे 505. म्हणून कुणी हलत नाही.

आता हिशेब बघा. पहिल्या दिवशी आबांकडे दोनशे गिऱ्हाईक होतं, आजही दोनशेच आहे. आप्पांचंही तेच. एवढी ढकलाढकली करून गल्ल्यात एक रुपया वाढला नाही. बदललं ते गिऱ्हाइकाचं चालणं. टोकाच्या घरातल्या माणसाला आता पाचशे मीटर तंगडतोड करावी लागते आणि सरासरी सव्वाशेची अडीचशे झाली. माणशी जाताना सव्वाशे मीटर जास्त, येताना सव्वाशे जास्त. चारशे माणसांचा गुणाकार केला तर रोजचे शंभर किलोमीटर होतात. धुळ्याहून जळगाव नव्वदएक किलोमीटर. म्हणजे आबा-आप्पांच्या चढाओढीपायी ही गल्ली रोज चहाच्या निमित्ताने धुळ्याहून जळगावला पायी जाते आणि पोचल्यावर गावात थोडी फिरतेसुद्धा.

यात कुणी लबाड नाही, हे हॉटेलिंगच्या गणिताचं खरं मर्म. दोघांनी प्रत्येक पाऊल डोकं चालवून टाकलं. प्रत्येक पावलाला त्या दिवसापुरता नफा होता.

हॉटेलिंगला मात्र गोष्ट चहापाण्यावर सोडायची नव्हती. रेघ ही फक्त रस्ताच असायला हवी असं नाही, असं त्याने पुढे म्हटलं. सफरचंदाच्या रसाची गोडी हीसुद्धा एक रेघच आहे. एका टोकाला आंबट, दुसऱ्या टोकाला गोड, आणि विकणारे सगळे मध्यावर. चर्चसुद्धा एकमेकांसारखी होत जातात, राजकीय पक्षही. त्याने अमेरिकेतल्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांचं उदाहरण दिलं, की कुणाला दुखवायला नको म्हणून दोघंही गुळगुळीत बोलतात. खान्देशात निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हॉटेलिंग वेगळा वाचायची गरज नाही. दोन्हींत शेतकरी, दोन्हींत पाणी, दोन्हींत रोजगार. फरक फोटोचा.

सफरचंदाचा रस आपल्याकडे कोण पितो? आपण शेवभाजी घेऊ. महामार्गावरच्या दोन शेजारच्या ढाब्यांवर विचारा, “भाजी तिखट आहे का?” दोन्हीकडे एकच उत्तर येतं: “मिडियम आहे, साहेब.” एकाने अगदी फिकी करावी आणि दुसऱ्याने डोळ्यांतून पाणी काढणारी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या जिभांची सोय होईल, असं घडत नाही. कारण मिरची थोडी कमी करणारा मधली गिऱ्हाइकं शेजाऱ्याला आंदण देतो. फक्त एक ध्यानात ठेवावं, की हे मध्य तिथे जेवणाऱ्यांच्या जिभांचं मध्य असतं. खान्देशातलं मिडियम खाऊन कोकणातला पाहुणा तांब्याभर पाणी मागतो, तेव्हा ढाबेवाला खोटं बोललेला नसतो.

रस्त्याच्या बाबतीतही हीच मेख आहे. मध्य म्हणजे फुटपट्टीने मोजलेलं मध्य नव्हे. जिथे उभं राहिलं की निम्मी गिऱ्हाइकं एका हाताला आणि निम्मी दुसऱ्या हाताला येतात, ते मध्य. आपल्याच गल्लीच्या शून्य मीटरच्या टोकाला एसटी स्टँड आहे असं धरा. घरांतली चारशे माणसं होतीच, वर स्टँडवरून रोज दोनशे प्रवासी चहाला येतात. एकूण सहाशे. निम्मे म्हणजे तीनशे. स्टँडचे दोनशे आणि त्या बाजूच्या पहिल्या 250 मीटरमधल्या घरांतले शंभर मिळून तीनशे भरतात. म्हणजे आबा-आप्पांची जागा 500 वरून उठून 250 वर गेली. स्टँडवरून चारशे प्रवासी यायला लागले तर दोघंही फाटकालाच चिकटतील. दवाखान्याच्या दारात औषधाची दुकानं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी असतात ती यामुळे. रस्ता लांब आहे, पण गिऱ्हाईक एकाच ठिकाणाहून बाहेर येतं.

औषधाच्या दुकानाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. वेष्टनावर किंमत छापलेली असते. थोडीफार सूट कुणी देतो, पण दोन्ही दुकानांत साधारण भाव तोच. आणि हॉटेलिंगचं खेटून बसणं टिकतं ते अशाच मालात, ज्याचा भाव दुकानदाराच्या हातात फारसा नाही. भाव हातात असेल तर काय होतं? 500 च्या खुणेवर खेटून उभे असलेले आबा एका सकाळी पाटी लावतात: चहा 9 रुपये. आप्पा दोन पावलांवर आहेत, त्यामुळे चालण्याचा प्रश्नच नाही. सगळे चारशे आबांकडे. आप्पा दुपारी 8 करतात. आबा 7. दूधवाला उधारी मागायला येईपर्यंत हे चालतं.

गंमत अशी, की हॉटेलिंगच्या मूळ लेखात दुकानदार भावही स्वतःच ठरवतात, आणि तरीही ते जवळ जवळ सरकतात असं त्याचं म्हणणं होतं. या जागी त्याचं गणित घसरलं होतं. तरी ते पन्नास वर्षं शिकवलं गेलं. 1979 साली दास्प्रेमाँ, गाबशेविच आणि तिस या त्रिकुटाने ‘इकोनोमेट्रिका’ नियतकालिकात छोटासा लेख लिहून दाखवलं, की दुकानं फार जवळ आली की भावयुद्ध पेटतं आणि कुठलाच भाव टिकत नाही. त्यांनी गणितात एक बदलही करून पाहिला. चालण्याचा त्रास अंतराच्या वर्गाने वाढतो असं धरलं, म्हणजे दुप्पट चालायला चौपट कंटाळा. तेव्हा उत्तर उलटंच आलं. दोघं दुकानदार रस्त्याच्या दोन टोकांना पळाले. शेजारी बसण्याचा मोह गिऱ्हाइकासाठी असतो, आणि लांब बसण्याची ओढ शेजाऱ्याच्या भीतीने असते. कोणती जास्त, यावर टपरीची जागा ठरते.

टपऱ्यांच्या बाबतीत लांब जाण्याचं आणखी एक कारण आहे. चहासाठी माणूस किती चालेल? पाचशे मीटर? हॉटेलिंगचं गिऱ्हाईक फार आज्ञाधारक होतं, कितीही चालायला लागलं तरी घ्यायचं ते घेणारच. धुळ्याच्या उन्हाळ्यात मे महिन्यात दुपारी असं गिऱ्हाईक सापडणं अवघड. टोकाचा माणूस सरळ घरात चहा करून पितो. असा माणूस हातचा जायला लागला की आबा पुन्हा थोडे मागे सरकतात. म्हणून खऱ्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या विखुरलेल्या दिसतात आणि औषधाची दुकानं गोळा झालेली. आजारी माणसाचा मुलगा औषधासाठी कितीही चालतो.

आता जळगावकर म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या सराफ बाजाराचं काय? तिथे तर दुकानाला दुकान लागून आहे. बालाजी पेठेतली राजमल लखीचंद ही पेढी 1854 सालची. तिथेच नोकरी करून धंदा शिकलेल्या रतनलाल बाफनांनी 1974 साली स्वतःचं दुकान काढलं, ते चोपड्याला नाही, भुसावळला नाही, तिथेच जवळ, सुभाष चौकात. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो मजुरीत. म्हणजे भावयुद्धाला लगाम आहे. हॉटेलिंग एकदम फिट बसतो.

बसतो, पण नीट पाहिलं तर जरा ढिला बसतो. चोपडा, रावेर, यावलकडून लग्नाचं सोनं घ्यायला जे कुटुंब येतं, ते गाडी करून येतं. सोबत नवरीची आई, मावशी, एक आत्या आणि मत द्यायला आणलेला एक मामा असतो. त्यांना सुभाष चौकातलं दुकान शंभर मीटर अलीकडे की पलीकडे, याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यांना एकाच दुकानात जायचंच नाही. एका ठिकाणी पोत बघायची, दुसरीकडे तीच पोत मजुरीला किती पडते ते विचारायचं, तिसरीकडे पाणी प्यायचं, आणि पुन्हा पहिल्या दुकानात येऊन “तिकडे कमी सांगतात” म्हणायचं. ही घासाघीस करायला शेजारी शेजारी पाच दुकानं लागतात. एकटा सराफ लांब कॉलनीत जाऊन बसला तर मावशी त्याच्याकडे फिरकणार नाही, कारण तिथे तुलना कुणाशी करायची? आबा आणि आप्पा एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला जवळ आले. सराफ जवळ बसतात कारण सगळे मिळून गावाबाहेरचं गिऱ्हाईक ओढतात.

वरवर दोन्ही गर्दी सारखीच दिसते. ओळखायची कशी? एक साधी परीक्षा आहे. त्यातलं एक दुकान बंद पडलं अशी कल्पना करा. आप्पांनी टपरी मिटली, तर त्यांची दोनशे गिऱ्हाइकं जशीच्या तशी आबांकडे येतात. आबा मनातल्या मनात पेढे वाटतात. पण सराफ बाजारातली निम्मी दुकानं बंद झाली, तर उरलेल्यांचा धंदा दुप्पट होत नाही. मावशी गाडी नाशिककडे वळवते. शेजारी गेल्यावर ज्याचा गल्ला वाढतो तो हॉटेलिंगचा दुकानदार, आणि शेजारी गेल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो तो बाजारपेठेचा. मोबाईलच्या दुकानांनी गजबजलेलं जळगावचं गोलाणी मार्केट दुसऱ्या जातीचं. दवाखान्यासमोरचं औषधाचं दुकान पहिल्या जातीचं. साड्यांचं दुकान दुसऱ्या. पानाचं पहिल्या. दुकानदाराला यातलं काही पुस्तकातून शिकावं लागत नाही. समोरच्याचं शटर दोन दिवस उघडलं नाही की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

दोन दुकानं मालक वेगवेगळे असले की खेटतात, हे झालं. मालक एकच असला तर? बाफनांनी पुढे छत्रपती संभाजीनगरला आणि नाशिकला दुकानं काढली. आपल्याच दुकानासमोर आपलंच दुकान कोण काढेल? पोस्टाच्या दोन कचेऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहून तिकिटं विकताना कुणी पाहिल्या आहेत का? एकच मालक असला की तो पहिल्या दिवशीच्या आबा-आप्पांसारखा वागतो, 250 आणि 750 वर.

याचा सगळ्यात मोठा पुरावा खुद्द खान्देशचा नकाशा आहे. हा प्रदेश पूर्व-पश्चिम पसरलेला. एका टोकाला रावेर, दुसऱ्या टोकाला नंदुरबारच्या पलीकडचे डोंगर. ब्रिग्जकडे कचेरी एकच होती, तेव्हा त्याने ती धुळ्याला ठेवली. जागा मध्यवर्ती, आणि हिंदुस्थानाकडे जाणारा मोठा रस्ता तिथूनच. एक दुकान, म्हणून मध्यावर. पुढे 1906 साली सरकारने खान्देशाचे दोन जिल्हे केले. पश्चिम खानदेशाची कचेरी धुळ्याला राहिली आणि पूर्व खानदेशाची कचेरी जळगावला आली. दोन कलेक्टर कुणी पारोळ्याच्या चौकात समोरासमोर बसवले नाहीत. दोघांचा मालक एकच, आणि कलेक्टरला दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायची हौस नसते. असलेलंच कमी झालं तर बरं असं त्याला वाटतं.

1998 साली 1 जुलैला नंदुरबारचा तिसरा जिल्हा झाला. तीन दुकानं म्हटलं की हॉटेलिंगच्या गणितात हाहाकार उडतो. आपल्या गल्लीत तात्या नावाचे तिसरे चहावाले आले आणि तिघंही 500 वर उभे राहिले, तर प्रत्येकाकडे गल्लीचा तिसरा हिस्सा. तात्या दहा मीटर उजवीकडे सरकले, की त्यांच्याकडे 505 पासून टोकापर्यंतची सगळी गल्ली, जवळजवळ निम्मी. मग आप्पा त्यांच्याही पुढे, 520 वर. आता तात्या आबा आणि आप्पा यांच्यामध्ये चेंगरलेले, आणि त्यांच्या वाट्याला दहा मीटर गल्ली. दहा मीटरमध्ये चारच गिऱ्हाइकं येतात, त्यातला एखादा उधारीवाला. तात्या तिथून उडी मारून आबांच्या डाव्या बाजूला. मग आबा मध्ये सापडतात, आबा उडी मारतात. हा खो-खो कधीच संपत नाही. तीन दुकानं या रेघेवर कुठेच स्थिर बसू शकत नाहीत, हे लर्नर आणि सिंगर या दोघांनी 1937 सालीच लिहून ठेवलं होतं. (यातल्या लर्नरचं पहिलं नाव अब्बा. आपल्या आबांशी नातं नाही.) चौथा आला तर मात्र शांतता होते. दोघंजण 250 वर खेटतात आणि दोघंजण 750 वर. गल्लीला अखेर पहिल्या दिवशीची सोय परत मिळते, फक्त तिच्यासाठी दोनाऐवजी चार टपऱ्या लागतात.

सरकारच्या तीन कचेऱ्यांना असल्या उड्या माराव्या लागल्या नाहीत. जळगावहून धुळं नव्वदएक किलोमीटर, आणि धुळ्याहून नंदुरबार जवळपास तेवढंच. धुळं पुन्हा मध्यावर. ब्रिग्जच्या वेळी एकटं मध्यावर होतं, आता दोघांच्या मध्ये. कचेरीच्या कामाला येणाऱ्या माणसाचं चालणं कमी व्हावं अशा बेताने सगळं मांडलेलं.

तो माणूस एसटीतून उतरून यातल्या कुठल्याही कचेरीच्या फाटकाशी पोचतो, तेव्हा तिथे अर्ज लिहून देणारे, टंकलेखक आणि झेरॉक्सवाले एकमेकांच्या छत्रीला छत्री लावून बसलेले असतात. फाटकातून बाहेर येणारं गिऱ्हाईक एकाच ठिकाणाहून येतं, आणि एका पानाच्या झेरॉक्सचा भाव सगळ्यांकडे तोच. तो पहिल्याकडे जातो. पहिला मशीनकडे बोट दाखवून म्हणतो, “लाइट गेली, भाऊ. शेजारी बघा.”

शेजाऱ्याची लाइटही त्याच खांबावरून आलेली असते.